चीजवरची बुरशी कापता येते, मग पाव का टाकावा लागतो?

नाशिक : जून उजाडतो, घाटमाथ्यावरून ढग शहरावर उतरू लागतात आणि घराघरांतल्या स्वयंपाकघरात एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. मिसळीसाठी परवा आणलेल्या लादीपावावर हिरवट ठिपका दिसतो. फ्रीजमधल्या चीजच्या तुकड्यावर पांढरी लव धरलेली असते. पावाचा तेवढा भाग तोडून उरलेला पाव तव्यावर भाजून घ्यावा, चीज मात्र ‘खराब झाले’ म्हणून टाकून द्यावे, अशी अनेक घरांची रीत आहे. अन्नशास्त्राचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. कठीण चीजचा मोठा तुकडा असेल तर त्यावरील बुरशी पुरेशा अंतरावरून कापून उरलेला भाग खाता येतो. बुरशी आलेला पाव मात्र ठिपका कितीही लहान असला तरी टाकूनच द्यावा लागतो.

हा भेद ऐकायला विचित्र वाटतो. बुरशी दोन्हीकडे एकाच कुळातली असू शकते आणि डागही तेवढाच असू शकतो. तरीही एका पदार्थाला सुरीने वाचवता येते आणि दुसऱ्याला येत नाही. त्यामागचे कारण समजले, तर पनीर, किसलेले चीज, चीजच्या स्लाइस अशा इतर पदार्थांचे काय करायचे याचा निर्णयही घरच्या घरी घेता येतो.

डाग दिसतो, बुरशी दिसत नाही

बुरशी म्हणजे केवळ हिरवा किंवा काळा डाग नव्हे. बुरशीचे खरे शरीर म्हणजे केसाहूनही बारीक तंतूंचे जाळे होय. हे तंतू अन्नात शिरतात, पाचक रस बाहेर सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. या काळात ते रंगहीन किंवा पांढरे असतात. पांढऱ्या पावावर तर ते जवळजवळ दिसतच नाहीत. पुरेसे अन्न मिळाले की बुरशी हवेत उंच देठ उभारते आणि त्यांच्या टोकावर लक्षावधी बीजाणू तयार करते. हिरवा, निळसर किंवा काळा रंग असतो तो या बीजाणूंचा.

म्हणजेच रंग दिसू लागतो तेव्हा बुरशीचे काम सुरू होऊन बराच वेळ लोटलेला असतो. झाडाला फळ लागले की ते झाड तिथे बरेच दिवस उभे आहे हे जसे समजते, तसेच येथेही आहे. डाग हे फळ आहे आणि मुळे खाली पसरलेली आहेत. डाग तोडून टाकण्याने फळ तोडले जाते. मुळे किती दूर गेली आहेत, हा प्रश्न शिल्लकच राहतो. चीज आणि पाव यांच्यातला सारा फरक या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे.

फरक पाण्याचा नाही, हवेचा आहे

पाव ओलसर असतो म्हणून त्याला बुरशी लवकर धरते आणि चीज कोरडे असते म्हणून धरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो आकड्यांवर टिकत नाही. साध्या पांढऱ्या पावात वजनाच्या ३५ ते ४० टक्के पाणी असते. चेडार या सर्वाधिक परिचित कठीण चीजमध्येही ते ३७ टक्क्यांच्या आसपास असते. चीजमधील मिठामुळे आणि आम्लतेमुळे बुरशीची वाढ काहीशी मंदावते हे खरे. परंतु पाण्याच्या प्रमाणात दोघांत फारसे अंतर नाही.

खरे अंतर आहे ते बांधणीत. ४०० ग्रॅमचा पाव साधारण दीड लिटर जागा व्यापतो. तेवढ्याच वजनाचे चेडार चीज त्याच्या एक चतुर्थांश जागेत मावते. पावाने व्यापलेल्या उरलेल्या जागेत असते ती निव्वळ हवा. यीस्टने फुगवलेले पीठ भाजले गेले की बुडबुडे फुटून एकमेकांना जोडले जातात आणि पावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोगद्यांचे जाळे तयार होते. बुरशीला जगण्यासाठी प्राणवायू लागतो. पावात तो तिला आतपर्यंत आयता मिळतो आणि तंतूंना वाटही मोकळी असते. काही टणक भेदून जावे लागत नाही. एका भोकातून दुसऱ्या भोकात सरकत राहिले की झाले. रायझोपस ही पावावरची नेहमीची काळी बुरशी तर वेलीसारखे आडवे धागे टाकत जाते आणि दमट हवेत एक-दोन दिवसांत सारी स्लाइस व्यापते.

कठीण चीजचे याउलट आहे. दूध नासवून, दही-चोथा कापून, मीठ घालून आणि वजनाखाली दाबून ते तयार होते. दाबताना आतली हवा निघून जाते. प्रथिने आणि स्निग्धांश यांची घट्ट वीण उरते आणि तिच्यातून प्राणवायू आत जात नाही. बुरशी पृष्ठभागावर वाढते, परंतु आत उतरायला तिला वाटही नसते आणि श्वासही मिळत नाही. कठीण चीजमध्ये तंतू सहसा काही मिलिमीटर खोलीपर्यंतच पोहोचतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा चीज बनवणाऱ्यांच्याच पद्धतीत सापडतो. नाशिकच्या वाइनरींमध्ये येणाऱ्या पर्यटकांपुढे वाइनसोबत चीजची थाळी ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे आणि तिच्यात कधी कधी निळ्या शिरांचे ब्लू चीजही असते. त्या शिरा म्हणजे पेनिसिलियम रोकफोर्टी नावाची, मुद्दाम वाढवलेली, निवडक बुरशी होय. ही बुरशी कमी प्राणवायूतही तग धरणारी म्हणून ओळखली जाते. तरीही दुधात तिचे बीजाणू मिसळूनही ती चीजच्या आत आपोआप वाढत नाही. त्यासाठी चीजच्या गोल चकतीला लांब सुयांनी भोके पाडावी लागतात. त्या भोकांतून हवा आत शिरते आणि मग त्या मार्गानेच निळ्या शिरा उमटतात. चीजच्या आत बुरशी वाढवायची झाली तर माणसाला सुईने वाट करून द्यावी लागते. पावात ती वाट भट्टीतच तयार झालेली असते.

भट्टीतून बाहेर आल्यानंतर

पाव भाजताना त्याचा गाभा ९५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. पिठात असलेल्या बुरशीचे बीजाणू त्या उष्णतेत टिकत नाहीत. म्हणून भट्टीतून नुकताच निघालेला पाव बुरशीच्या दृष्टीने स्वच्छच असतो. लागण होते ती नंतर : पाव फळ्यांवर थंड होत असताना, यंत्राने त्याच्या स्लाइस कापल्या जात असताना आणि पिशवीत भरताना. बेकरीच्या हवेत पिठाच्या धुळीबरोबर बीजाणू तरंगत असतात. अखंड पावाला निदान कवच तरी असते. स्लाइस करणारी पाती मात्र प्रत्येक कापाबरोबर गाभ्याचा नवा पृष्ठभाग उघडा करतात आणि पात्यावर बीजाणू असतील तर ते सर्व स्लाइसवर वाटले जातात.

पाव पुरेसा थंड होण्याआधीच पिशवीत भरला, तर आतली वाफ प्लॅस्टिकवर थेंबांच्या रूपाने जमते आणि परत पावावर उतरते. पावसाळ्यात ही अडचण अधिक तीव्र होते. बाहेरची हवाच दमट असल्याने पावाचा पृष्ठभाग सुकत नाही आणि तापमान मात्र बुरशीला मानवेल इतके उबदार असते. उन्हाळ्यात कडक होऊन संपणारा पाव पावसाळ्यात कडक होण्यापूर्वीच बुरसतो, तो यामुळेच.

मोठ्या कंपन्यांच्या पावात कॅल्शियम प्रोपियोनेट हे संरक्षक घातलेले असते आणि पाकिटावर तसा उल्लेखही असतो. त्यामुळे बुरशी काही दिवस लांबते. परंतु संरक्षक बुरशीला थोपवते, कायमचे थांबवत नाही. एकदा डाग उमटला की संरक्षक असलेला पाव आणि संरक्षक नसलेला लादीपाव यांच्यात कोणताही भेद करता येत नाही.

मग ठिपका एकाच स्लाइसवर असेल तर उरलेले पाकीट का टाकायचे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. केवळ बीजाणू पोटात गेले एवढ्याने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. ते हवेत सर्वत्र असतात आणि रोजच आपल्या श्वासातून आत जातात. धोका आहे तो वाढत असलेल्या बुरशीचा. पाकिटातील सर्व स्लाइस एकाच दमट हवेत, एकमेकींना चिकटून आणि सारख्याच दिवसांच्या असतात. तिसऱ्या स्लाइसवर रंग दिसत असेल, तर चौथीवर रंग येण्याआधीची पांढरी अवस्था असण्याची दाट शक्यता आहे. सर्वांत शेवटची स्लाइस कदाचित निर्दोष असेलही. परंतु ती तशी आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. जे ठरवता येत नाही त्यावर पैज लावू नये, हा येथला साधा हिशेब आहे.

विष भाजून जात नाही

बुरशी मुळात विषारीच असते असे नव्हे. अनेक जाती निरुपद्रवी आहेत. काही जाती मात्र वाढताना अशी रसायने तयार करतात की ती माणसाच्या यकृताला किंवा मूत्रपिंडाला घातक ठरतात. यांतील सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते अस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या काही भावंडांकडून तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मरण पावले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी आलेली होती. त्या शोधातून या विषाची ओळख पटली.

भारताला त्याची ओळख १४ वर्षांनी झाली, तीही महाराष्ट्राच्या शेजारीच. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि त्याला लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाडा या जिल्ह्यांत काविळीची विचित्र साथ आली. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता आणि तो तसाच घरात साठवला गेला होता. तोच मका गावकऱ्यांचे रोजचे अन्न होता. तपासणीत रुग्णांची संख्या ३९७ नोंदवली गेली आणि त्यांतील १०६ जण दगावले. त्याच घरांतील अन्न खाणारे कुत्रेही आजारी पडून मेले, या निरीक्षणाने ही संसर्गजन्य कावीळ नसून अन्नातील विषबाधा आहे, या निष्कर्षाला बळ मिळाले. मक्यात अफ्लाटॉक्सिन मोठ्या प्रमाणावर आढळले. पुढे १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजून बुरसलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी व जुलाब यांची साथ आली. त्या वेळी दोषी ठरले ते फ्युमोनिसिन हे दुसरे बुरशीजन्य विष.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान होती. धान्य कच्चे खाल्ले गेले नव्हते. ते दळले गेले, त्याच्या भाकरी-रोट्या थापल्या गेल्या आणि त्या तव्यावर भाजल्या गेल्या. बुरशी त्या आचेत मेली असणार. विष मात्र उरले. बुरशीचे तंतू ६० ते ७० अंशांच्या उष्णतेत काही मिनिटांत मरतात, परंतु अफ्लाटॉक्सिन पूर्णपणे मोडायला २५० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. पावात पाणी असते तोवर त्याचा गाभा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. त्यामुळे ठिपका खरवडून पाव तव्यावर कडक भाजून घेण्याने बुरशीचा वास जातो, चव सुधारते आणि मन शांत होते. विषाचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहते.

प्रमाणाचे भान ठेवणेही आवश्यक आहे. पंचमहाल व बांसवाडा येथील गावकऱ्यांनी विषारी मका रोज, प्रत्येक जेवणात, कित्येक आठवडे खाल्ला होता. नकळत बुरसलेल्या पावाचा एखादा घास खाल्ला गेला, तर निरोगी माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. कधी मळमळते किंवा पोट बिघडते. उलट्या थांबत नसतील, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला तर मात्र डॉक्टरांकडे जावे. प्रश्न एका घासाचा नसून सवयीचा आहे. दर पावसाळ्यात ठिपके तोडून पाव खाण्याची रीत असलेल्या घरात कोणती बुरशी किती वेळा पोटात गेली, याचा हिशेब कोणालाच ठाऊक नसतो.

येथे आणखी एक समज तपासून पाहण्यासारखा आहे. पेनिसिलिन बुरशीपासूनच मिळते, मग पावावरची हिरवी बुरशी औषधीच म्हणायची, असे गमतीने आणि कधी कधी गंभीरपणेही म्हटले जाते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात १९५० च्या दशकात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, ते बुरशीपासूनच. परंतु त्यासाठी निवडून जोपासलेली एकच जात निर्जंतुक टाक्यांत वाढवली जाते आणि तिच्या द्रवातून औषध वेगळे काढून शुद्ध केले जाते. पावावर हवेतून कोणती बुरशी येऊन बसेल याची निवड कोणी केलेली नसते. पेनिसिलियम कुळातल्याच काही जाती विषेही तयार करतात. हिरव्या रंगावरून त्यांतली कोणती आपल्या पावावर आहे हे साध्या डोळ्यांना ओळखता येत नाही.

एक इंचाचा नियम आणि २०० ग्रॅमचा तुकडा

कठीण चीजवरही विषारी जाती वाढू शकतात. फरक एवढाच की घट्ट बांधणीमुळे तंतूंप्रमाणे ही विषेही आत फार दूर झिरपत नाहीत. कठीण चीजवरील चाचण्यांत ती बहुतांशी बाहेरच्या सेंटिमीटरभराच्या थरातच आढळली आहेत. म्हणून अमेरिकेच्या कृषी विभागाने ग्राहकांसाठी दिलेला नियम असा आहे : कठीण चीजवर बुरशी दिसल्यास डागाच्या सभोवती आणि डागाखाली किमान एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, भाग कापून टाकावा आणि कापताना सुरी डागाला लागू देऊ नये. एक सेंटिमीटरच्या धोक्याला अडीच सेंटिमीटरचे अंतर, अशी ही सावधगिरी आहे.

नियम सोपा वाटतो. तो आपल्याकडच्या पाकिटांना लावून पाहिला की त्याची मर्यादा कळते. समजा, घरात चेडारचा २०० ग्रॅमचा तुकडा आहे. त्याची लांबी साधारण १० सेंटिमीटर, रुंदी ६ आणि जाडी ३ सेंटिमीटर धरू. त्याच्या एका टोकाला एक सेंटिमीटरचा हिरवट डाग आहे. जाडीच तीन सेंटिमीटर असल्याने डागाखाली अडीच सेंटिमीटर कापायचे म्हणजे तुकडा जवळजवळ आरपारच कापायचा. रुंदीच्या दिशेनेही तेच. उरते ती लांबी. टोकापासून डागाचा एक सेंटिमीटर आणि त्यापुढे अडीच, अशा साडेतीन सेंटिमीटरवर उभा काप द्यावा लागतो. सुमारे ७० ग्रॅम चीज जाते आणि १३० ग्रॅम वाचते. सौदा ठीक आहे.

आता तोच डाग तुकड्याच्या मध्यभागी आहे असे समजू. डागाचा एक आणि दोन्ही बाजूंचे अडीच-अडीच मिळून सहा सेंटिमीटरचा मधला भाग टाकावा लागतो. दोन टोकांना दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या उरतात, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम ८० ग्रॅम. डाग दोन ठिकाणी असतील तर बहुधा काहीच उरत नाही. २५ ग्रॅमच्या चीज क्यूबचा विचार केला तर त्याची बाजूच तीन सेंटिमीटरहून कमी असते; नियम पाळायचा तर संपूर्ण क्यूबच टाकावा लागतो.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘चीजवरची बुरशी कापून खाता येते’ हे वाक्य मोठ्या, जाड तुकड्यांच्या संदर्भात खरे आहे. परमेसानचा किलोभराचा खंड असेल तर एक इंच कापल्याने काही बिघडत नाही. आपल्याकडील लहान पाकिटांत मात्र इंचभर कापून उरणारे चीज अनेकदा वाचवण्याच्या लायकीचे नसते. अशा वेळी इंच कमी करून अर्धा करण्याचा मोह होतो. तो टाळून तुकडाच टाकून द्यावा.

कोणते चीज ‘कठीण’ म्हणायचे?

चेडार, परमेसान, मुरलेले गौडा ही कठीण किंवा निमकठीण, दाबून घट्ट केलेली चीज होत. बोटाने दाबले तर ती सहज दबत नाहीत. त्यांना इंचाचा नियम लागू होतो. मात्र तुकडा अखंड हवा. हेच चेडार किसले, चुरले किंवा त्याच्या पातळ स्लाइस केल्या की नियम लागू राहत नाही. किसलेल्या चीजमध्ये कणाकणांमधून हवा खेळते आणि पिशवी हलवली की बुरशी सर्वत्र पसरते. बांधणीच्या दृष्टीने ते चीज आता पावासारखे झालेले असते. डाग दिसला की सारे पाकीट टाकावे.

भारतीय घरांत सर्वाधिक खपते ते प्रक्रिया केलेले चीज. नैसर्गिक चीज वितळवून, त्यात पायसीकारक क्षार मिसळून ते पुन्हा घट्ट केलेले असते. त्यात पाण्याचे प्रमाण चेडारपेक्षा अधिक असते आणि ते मऊही असते. उष्णतेची प्रक्रिया झालेली असल्याने बंद पाकिटात ते दीर्घकाळ टिकते. पाकीट फोडल्यानंतर मात्र ते इतर पदार्थांसारखेच बुरशीच्या तडाख्यात सापडते. एक तर मऊपणा, त्यातच क्यूब आणि स्लाइसचा लहान आकार, हे लक्षात घेता प्रक्रिया केलेल्या चीजवर बुरशी दिसल्यास ते टाकणेच शहाणपणाचे.

पनीरबाबत तर विचार करण्याचेही कारण नाही. त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते, मीठ नसते आणि आम्लताही कमी असते. बुरशीबरोबर तेथे रोगजंतूही वाढू शकतात. क्रीम चीज, ताजे मोझरेला, चीज स्प्रेड यांनाही हेच लागू आहे. ब्लू चीजमधील निळ्या शिरा खाण्यायोग्य असतात. परंतु त्यावर नंतर गुलाबी, काळा किंवा लवदार असा निराळा डाग उमटला, तर तो पाहुणा आगंतुक समजावा.

कधी कधी बुरशी नसतानाही चीज टाकले जाते. मुरलेल्या चेडारवर पांढरी भुकटी जमल्यासारखी दिसते किंवा दाताखाली कचकच लागते. हे कॅल्शियम लॅक्टेटचे किंवा अमिनो आम्लाचे स्फटिक असतात आणि ते निर्धोक असतात. ओळख सोपी आहे : स्फटिक कडक, खरखरीत आणि पृष्ठभागाला चिकटलेले असतात, बुरशी मऊ, लवदार असते आणि दोन-चार दिवसांत पसरते व रंग बदलते. शंका कायम राहिली तर बुरशीच समजावी.

कापायचेच असेल तर

डाग आहे की नाही हे पाहण्यासाठी चीज किंवा पाव नाकाशी धरून हुंगू नये. बीजाणू श्वासात जातात आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो. चीजचे जुने वेष्टन काढून टाकावे. स्वच्छ, कोरडी सुरी घेऊन डागापासून अडीच सेंटिमीटर अंतर मोजावे आणि स्वच्छ बाजूनेच काप द्यावा. डागातून सुरी फिरवत नेली, तर पात्यावरचे तंतू व बीजाणू ताज्या कापावर लागतात आणि सारे कष्ट वाया जातात. सुरी चुकून डागाला लागलीच, तर ती साबणाने धुऊन पुसूनच पुढचा काप घ्यावा.

काप दिल्यावर उघडा पडलेला पृष्ठभाग प्रकाशात नीट पाहावा. एखादी फट, भोक किंवा रंगाची रेघ आत जाताना दिसली तर तुकडा टाकावा. फटीतून हवा आत गेलेली असते आणि घट्ट बांधणीचा आधारच तेथे नाहीसा होतो. सर्व ठीक असेल तर उरलेले चीज नव्या बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवावे आणि थोड्या दिवसांत संपवावे. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि कर्करोगावर उपचार घेत असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना असे वाचवलेले चीज न देणेच योग्य.

बुरसलेला पाव पिशवीत बांधून झाकणाच्या कचरापेटीत टाकावा. तो गाई-कुत्र्यांना घालण्याची पद्धत दयाबुद्धीतून आलेली असली तरी चुकीची आहे. पंचमहाल-बांसवाड्याच्या साथीत विषबाधा प्राण्यांनाही झाली होती. पाव ज्या डब्यात होता तो गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, नाहीतर पुढचा पाव पहिल्या दिवसापासूनच बीजाणूंच्या सोबतीला ठेवला जातो. दुकानातून नुकत्याच आणलेल्या, मुदत न संपलेल्या पाकिटात बुरशी आढळली तर पाकीट, त्यावरील बॅच क्रमांक आणि बिल जपून ठेवावे व अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

पाव वाचवण्याची खरी वेळ डाग दिसल्यानंतरची नसून तो आणल्यानंतरची आहे. पावसाळ्यात दोन दिवसांत संपेल एवढाच पाव आणावा. अधिक असेल तर त्याच दिवशी पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि लागेल तेवढा काढून थेट तव्यावर गरम करावा. फ्रीजरच्या थंडीत बुरशी वाढत नाही. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ती मंदावते, थांबत नाही. शिवाय तेथे पाव लवकर शिळा व कोरडा होतो. मिसळीच्या रश्श्यात बुडवायला तो चालेलही, पण त्यावर ठिपका दिसला तर मात्र रश्श्याची चव कितीही बोलावत असली तरी त्या पावाची जागा कचरापेटीतच आहे.